गाणं गायब झालं तो दिवस

लाँचच्या आदल्या दिवशी सकाळी क्लायंटच्या मार्केटिंग हेड मॅडमचा फोन आला. "अहो, रीलवरचं गाणं सापडत नाहीये. नाव टाकलं तरी यादीत येत नाही. अॅपमध्ये काही बिघाड आहे का?"

बिघाड नव्हता. आदल्या संध्याकाळी मीच त्यांचं इन्स्टाग्राम अकाउंट पर्सनलवरून बिझनेसवर नेलं होतं. त्यांना जाहिराती चालवायच्या होत्या, प्रोफाइलवर संपर्काचं बटण हवं होतं. ते सगळं मिळालं, आणि गाण्यांची भलीमोठी यादी गेली. असं होतं हे मला माहीत होतं, पण घाईत सांगायचं राहून गेलं. ती चूक माझीच.

रील पंधरा सेकंदांची, कंपनीच्या नव्या बॅगेची. गाणं त्या वेळी जिकडेतिकडे वाजत होतं, आणि आमच्या एडिटरने प्रत्येक कट त्याच्या ठेक्यावर बसवला होता.

दुपारपर्यंत ऑफिसात तीन पळवाटा पुढे आल्या. पहिली अर्थातच, अकाउंट पुन्हा पर्सनल करा, रील टाका, मग बिझनेस करा. दुसरी एडिटरची: "गाणं अॅपमधून लावायचंच कशाला? मी व्हिडिओतच भरून देतो." तिसरी आमच्या ज्युनिअरने शोधली होती आणि तीच सगळ्यांत फसवी होती. बिझनेस अकाउंटवरून शोधताना तिला तेच गाणं मिळालं होतं, पण 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून, कुणा अनोळखी माणसाच्या नावावर. "बघा ना, हे तर चालतंय!"

चालत होतं, कारण कुणीतरी ते गाणं आपल्या व्हिडिओत भरून चढवलं होतं आणि अॅपने तो त्याचा स्वतःचा आवाज समजून नोंदवला होता. मूळ रेकॉर्डिंगशी जुळणी झाली की असा ऑडिओ काढून टाकतात आणि त्यावर बनलेल्या रील मुक्या होतात. कधी तासाभरात, कधी दोन महिन्यांनी. लाँचची रील मुकी झालेली मी एकदा पाहिली आहे. चित्र पळत राहतं, आवाज नाही, आणि कमेंटमध्ये लोक विचारत राहतात की माझ्याच फोनला काही झालंय का.

संध्याकाळी मॅडमना कॉलवर घेतलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. "काल चालत होतं ते आज का नाही? कंपनी तीच, फोन तोच, गाणं तेच."

मी म्हटलं, "मॅडम, खरं म्हणजे कालही चालत नव्हतं. काल फक्त दिसत होतं."

अॅपवाले म्युझिक लेबलांशी आणि पब्लिशरांशी घाऊक करार करतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा दुसरा. पुष्कळदा त्यांचे मालकही वेगळे असतात. घाऊक करारात अॅप या दोघांना पैसे देतं, पण ते माणसांच्या वैयक्तिक, हौशी वापरापुरते. सहलीचा व्हिडिओ, मित्राचा वाढदिवस, घरातली मांजर. वस्तू विकण्यासाठी गाणं चित्राला जोडायचं तर त्याला सिंक लायसन्स लागतं, शिवाय त्या विशिष्ट रेकॉर्डिंगसाठी मास्टरची परवानगी. ही प्रत्येक जाहिरातीसाठी स्वतंत्र ठरते.

लेबलं हे घाऊकात का देत नाहीत? पैसा हे एक कारण. रीलवर गाणं आपसूक मिळालं तर जाहिरातीसाठी वेगळी रक्कम कोण मोजेल? पण मला दुसरं कारण जास्त पटतं. जाहिरातीला गाणं देताना लेबल पुष्कळदा कबूल करतं की ठरावीक मुदतीत हे गाणं याच प्रकारच्या दुसऱ्या कंपनीला मिळणार नाही. पुष्कळ कलाकारांच्या करारात, आपलं गाणं कुठल्या वस्तूसाठी वाजावं यावर त्यांचा शब्द शेवटचा असतो. सगळ्या बिझनेस अकाउंटना यादी खुली केली तर हे दोन्ही शब्द पहिल्याच दिवशी मोडतील.

अॅपला मात्र प्रत्येक रीलमागचा हेतू तपासणं शक्य नाही, म्हणून त्याने ढोबळ चाळणी लावली. अकाउंट बिझनेसचं असेल तर यादी छोटी. त्या यादीत मेटाच्या साउंड कलेक्शनसारखं किंवा टिकटॉकच्या कमर्शियल म्युझिक लायब्ररीसारखं, धंद्यासाठी आधीच मोकळं केलेलं संगीत असतं. पण परवानगी हेतूवर ठरते, अकाउंटच्या प्रकारावर नाही. पर्सनल अकाउंट केलं तर चाळणी निघते, हेतू तोच राहतो. मेटाच्या संगीताच्या नियमांतही व्यावसायिक वापराला योग्य लायसन्स हवं असं लिहिलं आहे, आणि तिथे अकाउंटच्या प्रकाराने सूट मिळत नाही.

"पण पंधराच सेकंद आहेत," मॅडम म्हणाल्या. अमुक सेकंदांपर्यंत चालतं, असा नियम कुठेही नाही. तो कुणी पसरवला देव जाणे.

मग मी त्यांना बँग या एनर्जी ड्रिंकची गोष्ट सांगितली. 2021 मध्ये युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही लेबलांनी त्या कंपनीवर अमेरिकेत दावे लावले. टिकटॉकवरच्या जाहिरातवजा व्हिडिओंत परवानगीशिवाय गाणी वापरली, ही तक्रार. गाणी टिकटॉकच्याच यादीत होती, मग ती वापरता येतात असं आम्हाला वाटलं, हा कंपनीचा पवित्रा टिकला नाही. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने कंपनीने स्वतः टाकलेल्या व्हिडिओंबाबत हक्कभंग झाल्याचं ठरवलं. मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या इन्फ्लुएन्सरने तर तेच गाणं लावून रील टाकलीसुद्धा."

हे मला माहीत नव्हतं. रील त्या मुलीच्या अकाउंटवर, पेड पार्टनरशिपची पट्टी लावून, व्यवस्थित वाजत होती. मॅडमच्या टीमला तीच पैसे लावून पुढे ढकलायची होती आणि बूस्टचं बटण काम करत नव्हतं. कारण तेच. मोठ्या यादीतलं, लेबलच्या मालकीचं गाणं असलेली रील अॅप जाहिरात म्हणून घेत नाही. आणि बूस्ट न करताही ती जाहिरातच होती, कारण त्या मुलीला पैसे कंपनीने दिले होते. तिला फोन करून रील उतरवायला सांगितली. ती वैतागली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या ब्रीफमध्ये संगीताबद्दल एक ओळही नव्हती.

रात्री नऊला एडिटर आणि मी बिझनेस यादीतलं संगीत ऐकायला बसलो. त्यातलं बरंचसं लिफ्टमध्ये वाजावं असं असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीसेक तुकडे ऐकल्यावर एक तालवाद्यांचा सापडला, पण त्याची लय संथ. आधीच्या गाण्यात मिनिटाला 120 ठोके होते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. यात 96. आमचा व्हिडिओ सेकंदाला 24 फ्रेमचा, त्यामुळे आधी दर 12 फ्रेमवर ठोका पडायचा, आता 15 वर. पंधरा सेकंदांत 30 ठोक्यांच्या जागी 24 उरले. एडिटरने सहा कट काढून टाकले, तोंडाने शिव्या देत. मग चेन उघडतानाचा खरा आवाज ठोक्यावर बसवला. त्याने रीलमध्ये जी जान आली ती आधीच्या गाण्यात नव्हती, असं मला वाटलं. त्याला अजूनही तसं वाटत नाही.

सकाळी रील ठरल्या वेळी गेली, बूस्टही झाली.

त्याच रात्री, आशा नसतानाही, मी मूळ गाण्याच्या लेबलला मेल टाकला होता. त्यांचा फॉर्म दोन पानी निघाला. गाण्याचे कुठले सेकंद, कुठल्या अॅपवर, किती महिने, पैसे लावून चालवणार की नुसतीच पोस्ट, वस्तू कोणती. अकराव्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या देशांत चालवणार हा रकाना रिकामा आहे, तो भरून पुन्हा पाठवा.