‘टाळा’ म्हणजे किती टाळायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून:

“ताई, औषधाच्या कागदावर गरोदर बाईसाठी एवढं लांबण कशाला लावता? ‘चालेल’ किंवा ‘घेऊ नका’, दोनपैकी एक लिहा आणि मोकळ्या व्हा.”

बहुतेक औषधं या दोन कप्प्यांत बसत नाहीत. ओढून-ताणून बसवली की त्याचा त्रास बाईला होतो.

अमेरिकेत कप्पे करून झाले आहेत. तिथल्या औषध नियामक संस्थेने १९७९ मध्ये गरोदरपणासाठी ए, बी, सी, डी आणि एक्स अशी अक्षरं ठरवली. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी दिसत असल्याने लोकांनी ती तशीच वाचली: ए म्हणजे उत्तम, सी म्हणजे जेमतेम, एक्स म्हणजे विष. प्रत्यक्षात सी या अक्षरात दोन अगदी वेगळी औषधं शेजारी बसायची. एकाने प्राण्यांच्या गर्भाला अपाय केल्याचं दिसलेलं असे, तर दुसऱ्याचा कुणी अभ्यासच केलेला नसे. गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा एक्समध्ये होत्या, कारण गरोदर बाईला त्यांचा काहीच उपयोग नाही. तेवढ्यावरून त्या गोळीची गत, पोटातल्या बाळांना जन्मतः व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधासारखी होत नाही. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये त्याच संस्थेने ही अक्षरं काढून टाकण्याचा नियम केला आणि जून २०१५ पासून तो लागू झाला. आता अक्षराऐवजी सलग मजकूर लिहावा लागतो: काय माहीत आहे, कशावरून माहीत आहे, आणि आजार तसाच ठेवला तर काय होतं. तो मजकूर मराठीत आणायचं काम माझ्याकडे येतं. मी डॉक्टर नाही, भाषांतरकार आहे. आशय बदलायचा अधिकार मला नाही आणि तो असूही नये.

एक प्रसंग सांगते. या नव्या पद्धतीच्या पत्रकांमध्ये एक ठरीव वाक्य असतं. माझ्याआधी कुणी तरी त्याचं केलेलं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं: “अमेरिकेतील सर्वसाधारण लोकसंख्येत, वैद्यकीयदृष्ट्या निदान झालेल्या गर्भधारणांमध्ये गंभीर जन्मदोष व गर्भपात यांचा अंदाजित पार्श्वभूमी धोका अनुक्रमे २ ते ४ टक्के व १५ ते २० टक्के आहे.” शब्दाला शब्द बरोबर. मी ते एका सहा महिन्यांच्या गरोदर बाईला वाचायला दिलं. कुठलंही पत्रक पक्कं करण्याआधी मी पाच-सहा जणींना वाचायला देते आणि वाचून काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावते. तिने ‘गर्भपात’ या शब्दावर बोट ठेवलं, ते सरकवत ‘२० टक्के’वर नेलं आणि म्हणाली, “म्हणजे या गोळीने पाचातल्या एकीचा गर्भ पडतो?”

त्या वाक्याचा गोळीशी काहीही संबंध नाही. ही गोळी न घेणाऱ्या बायकांमध्येही हे घडतंच, एवढं सांगण्यासाठी ते तिथे आहे. म्हणजे धीर द्यायला घातलेल्या वाक्यानेच ती घाबरली. ‘पार्श्वभूमी धोका’ हा शब्द मराठीत कुणीच बोलत नाही, म्हणून तिने तो सोडून दिला आणि ‘धोका’ तेवढा उचलला. ‘अनुक्रमे’ने तर आकडे आणि त्यांचे धनी यांची ताटातूट केली. मी ते असं केलं: “हे औषध न घेणाऱ्या बायकांमध्येही, गरोदर असल्याचं निदान झाल्यावर, १०० पैकी १५ ते २० जणींचा गर्भपात होतो आणि १०० पैकी २ ते ४ बाळांमध्ये जन्मतः एखादा मोठा दोष असतो. (हा अंदाज अमेरिकेतला आहे.) हे आकडे या औषधामुळे होणाऱ्या त्रासाचे नाहीत.”

शेवटचं वाक्य मूळ इंग्रजीत नाही. आमच्या कामात मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ताडून बघतात. तिथे हे जादा वाक्य लगेच पकडलं गेलं. शब्दशः भाषांतर या चाचणीत नेहमी उत्तीर्ण होतं, कारण उलट फिरवलं की ते हुबेहूब मूळ वाक्यावर येतं. मराठी बाईला ते कळलं का, हे ही चाचणी विचारतच नाही. म्हणून मी पत्रकासोबत त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. औषध कंपनीच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि जादा वाक्य ठेवायला मंजुरी दिली.

‘धोका’ या शब्दाबद्दल माझं मत ठाम आहे. इंग्रजीत त्या जागी जो शब्द असतो त्यात शक्यतेचं माप असतं: थोडा, जास्त, नगण्य. मराठीत ‘धोका’ म्हटलं की समोर लाल पाटी दिसते. विजेच्या डबीवर कवटीखाली लिहिलेलं असतं तो धोका. ‘धोका कमी आहे’ असं लिहिलं तरी वाचणारी ‘धोका आहे’ इथेच थांबते. म्हणून माप सांगायचं असेल तिथे मी ‘शक्यता’ लिहिते आणि आकडा ‘१०० पैकी इतक्या’ असा देते. ‘धोका’ मी खरोखर लाल पाटी लावायची असेल त्या जागेसाठी राखून ठेवते.

आता तुमच्या ‘चालेल की घेऊ नका’कडे येते. आयबुप्रोफेन घ्या. दातदुखीला, अंगदुखीला घरोघरी घेतलं जाणारं औषध. त्याचं उत्तर गरोदरपणातच तीनदा बदलतं आणि बाळंत झाल्यावर चौथ्यांदा. पहिल्या २० आठवड्यांत गरज असेल तरच, डॉक्टरांना विचारून. २० आठवड्यांनंतर टाळायचं, कारण त्या काळात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होत असतं आणि हे औषध बाळाच्या मूत्रपिंडांचं काम मंदावतं, त्यामुळे पाणी कमी होऊ शकतं. तरीही २० ते ३० आठवड्यांच्या मध्ये द्यावंच लागलं तर डॉक्टर कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस देतात आणि ४८ तासांच्या पुढे गेलं तर सोनोग्राफीचा विचार करतात. ३० आठवड्यांनंतर अजिबात नको, कारण बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर बंद व्हायची असते, ती पोटातच आकसू शकते.

हे सगळं गाळून “गरोदरपणात घेऊ नये” असं लिहिलं तर काय होतं? २२व्या आठवड्यात दाढ दुखली म्हणून नकळत दोन गोळ्या घेतलेली बाई नंतर कागद वाचते आणि रात्रभर झोपत नाही. खरं पाहता पाणी कमी होणं बहुतेकदा काही दिवस ते काही आठवडे औषध घेतल्यावर दिसतं, क्वचितच ४८ तासांत, आणि औषध थांबवलं की बऱ्याचदा ते भरून येतं. मूळ पत्रकात हे असतं. मराठीत जागा कमी पडते म्हणून पहिली कात्री यावरच चालते, आणि मी त्यासाठी भांडते.

आठवड्यांचंही एक आहे. आपल्याकडे बाया महिने मोजतात: पाचवा लागला, सातवा सरला. एका मसुद्यात ‘२० आठवडे’ला कुणी ‘पाचवा महिना’ लिहिलं होतं. पाचवा लागला की सरला? त्यात महिन्याचा फरक पडतो. शिवाय डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि पुष्कळ जणी पाळी चुकली तेव्हापासून. म्हणून मी लिहिते: “शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसापासून २० आठवडे, म्हणजे साधारण साडेचार महिने.” थोडं लांबतं, पण त्यात दोन अर्थ निघत नाहीत.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते जुन्या पत्रकांतल्या एका वाक्याचं. “औषधाचे आईसाठी असलेले महत्त्व लक्षात घेऊन स्तनपान बंद करावे की औषध बंद करावे याचा निर्णय घ्यावा.” इंग्रजीत हे डॉक्टरला उद्देशून आहे. मराठीत ते थेट आईच्या हातात पडतं आणि तिला कळतं ते एवढंच, की दोन्ही एकत्र चालत नाही. बाळंतपणानंतर टाके दुखत असतात, गोळी डॉक्टरांनीच लिहून दिलेली असते, मग घरातली मोठी माणसं म्हणतात, औषध पुरं होऊ दे, तोवर वरचं दूध द्या. चार-पाच दिवस अंगावर पाजलं नाही की दूध आटायला लागतं. आयबुप्रोफेन तर आईच्या दुधात इतकं कमी उतरतं की पाजणाऱ्या आईला दुखण्यावर द्यायला ते पसंतीचं औषध मानतात. तेव्हा मजकुराला आधार असेल तिथे मी संबंधितांना विचारून असं सुचवते: “हे औषध दुधात फारच थोडं उतरतं. औषध चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.” ‘पाजायला हरकत नाही’ असंही लिहून पाहिलं होतं. एका आजींनी त्यातला ‘नाही’ तेवढा ऐकला.

भीती कमी करायची म्हणजे सगळंच मऊ करायचं, असा याचा अर्थ नाही. फिट्सवर देतात त्या व्हॅल्प्रोएटच्या पत्रकात मी शब्द अजिबात सैल सोडत नाही. ते गरोदरपणात घेतलेल्या आयांच्या १०० बाळांपैकी साधारण १० जणांमध्ये मोठे जन्मदोष दिसतात, पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम दिसतो. तिथे लाल पाटी हवीच, आणि ‘धोका’ हाच शब्द हवा. पण त्याच कागदावर दुसरं वाक्यही तितक्याच ठळक अक्षरात पाहिजे, कारण गोळी एकाएकी सोडली तर फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. “डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये” हे आपल्या पत्रकांत सगळीकडे असतं. “डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका” हे मात्र शोधावं लागतं.

थायरॉइडच्या गोळीचंही असंच. दिवस राहिले की कित्येक जणी ‘आता औषधं नकोत’ म्हणून ती आपणहून सोडतात. गरोदरपणात त्या गोळीची मात्रा बऱ्याचदा वाढवावी लागते, कारण सुरुवातीचे काही महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं. तिच्या पत्रकासाठी माझ्याकडे आलेल्या मसुद्यात पहिली ओळ होती, “गरोदर असल्यास डॉक्टरांना सांगावे.” वाचणाऱ्या चौघींपैकी तिघींना वाटलं, सांगायचं ते गोळी थांबवण्यासाठी. आता ती ओळ अशी आहे: “दिवस राहिले तरी गोळी चालू ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा, मात्रा वाढवावी लागू शकते.” पुढच्या चौघींना ती वाचायला दिली, तेव्हा एकीनेही गोळी थांबवायची असं म्हटलं नाही.