माझा अनुभव: जर्मनची क्रियापदं आणि फुकट गेलेले दोन महिने

पुण्यात जर्मनच्या बी१ पातळीच्या परीक्षेची तयारी करत होतो. व्याकरण, विभक्त्या, नामांचं लिंग, सगळं जमेल तसं पुढे सरकत होतं. अडलो ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर. तिथे स्वर बदलणाऱ्या क्रियापदांची यादी होती, आणि क्लासमध्ये सांगितलं, "रोज दहा पाठ करा."

शाळेत 'गो-वेंट-गॉन' घोकलेला माणूस मी, त्यामुळे बसलो घोकायला. पण ती यादी होती वर्णानुक्रमाने! म्हणजे 'बीटेन' (देऊ करणं) आणि 'बिटेन' (विनंती करणं) शेजारी शेजारी. पहिल्याचं 'बीटेन, बोट, गेबोटेन' आणि दुसऱ्याचं 'बिटेन, बाट, गेबेटेन'. दोन महिने मी दोघांची सरमिसळ करत राहिलो. शेजारी राहतात म्हणून नातेवाईक असतात असं थोडंच आहे?

शेवटी चिडून यादी कापली आणि चिठ्ठ्या स्वरांप्रमाणे लावल्या. 'ई-ओ-ओ'वाले एकत्र: फ्लीगेन, फ्लोग, गेफ्लोगेन. 'बीटेन' इथलाच. 'इ-आ-उ'वाले एकत्र: ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन. यांना वेळच लागला नाही, इंग्रजीतलं ड्रिंक-ड्रँक-ड्रंक कानात होतंच. 'बिटेन' मात्र कुठल्याच मोठ्या गटात बसेना, त्याची चिठ्ठी वेगळी ठेवली.

खरी खोच निघाली 'ए'वाल्यांत. भूतकाळात बहुतेकांचा 'आ' होतो, तिथे अडचण नाही. तिसऱ्या रूपात मात्र दोन वाटा फुटतात. 'हेल्फेन, हाल्फ, गेहोल्फेन' (मदत करणं) 'ओ'कडे जातं, आणि 'गेबेन, गाब, गेगेबेन' (देणं) परत 'ए'वर येतं. मी 'गेहेल्फेन' म्हणायचो आणि मॅडम नुसत्या भुवया उंचावायच्या. कोण कुठे जातं हे कसं कळायचं, याचं उत्तर यादीत नव्हतं.

एका रात्री चिठ्ठ्या पुन्हा पसरल्या आणि स्वराच्या नंतर कोणतं व्यंजन येतं ते बघितलं. हेल्फेनमध्ये 'ल', श्टेर्बेन (मरणं) आणि वेर्फेन (फेकणं) यांत 'र', नेमेनमध्ये (घेणं) 'म'. सगळे 'ओ'वाले: गेश्टोर्बेन, गेवोर्फेन, गेनोमेन. उलट लेझेन (वाचणं), गेबेन, एसेन (खाणं) यांत स्वरानंतर झ, ब, स अशी अक्षरं, आणि तिसरं रूप 'ए'चं: गेलेझेन, गेगेबेन, गेगेसेन. म्हणजे स्वरानंतर ल, म, र असेल तर 'ओ', नाहीतर 'ए'. नियम न पाळणारे थोडे आहेत: श्प्रेशेन (बोलणं), ब्रेशेन (मोडणं), ट्रेफेन (भेटणं), श्टेशेन (टोचणं). हे चौघे 'ओ'कडे जातात. त्यांच्या चिठ्ठ्यांना लाल शाई लावली. एवढं कळल्यावर हा गट तीन दिवसांत संपला. दोन महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

हो, वर्तमानकाळ राहिलाच. स्वर फक्त 'तू' आणि 'तो/ती/ते' यांच्या रूपांत बदलतो, 'मी' आणि अनेकवचनात नाही. 'मी'साठी हेल्फे, 'तो'साठी हिल्फ्ट. आणि बदलतात मुख्यतः 'ए' आणि 'आ'वाले: लेझेनचं लीस्ट, फारेनचं फेर्ट. 'ई', 'इ', 'आय'वाले गट वर्तमानात तसेच राहतात, त्यामुळे त्यांची वर्तमानाची यादी करण्यात वेळ घालवू नका. मी घातला. गेएन (जाणं) आणि श्टेएन (उभं राहणं) यांत 'ए' असूनही वर्तमानात तो बदलत नाही.

'आय'वाल्यांत देवनागरी उपयोगी पडली. श्रायबेनचं (लिहिणं) 'श्रीब' दीर्घ, पण ग्रायफेनचं (पकडणं) 'ग्रिफ' ऱ्हस्व. स्वरानंतर फ, ट, स असं अघोष व्यंजन असेल तर बहुधा ऱ्हस्व, ब, ग असेल तर दीर्घ. श्नायडेन (कापणं) आणि लायडेन (सोसणं) 'ड' असूनही ऱ्हस्व: श्निट, लिट. वहीत ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहिलं की उच्चारही आपोआप नीट येतो.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. बोलताना जर्मन लोक बहुतेक वेळा तिसरंच रूप वापरतात, 'हाबे गेट्रुंकेन' अशा धर्तीवर. दुसरं रूप जास्त करून लिखाणात भेटतं. म्हणून तोंडी परीक्षा जवळ असेल तर आधी तिसरं पाठ करा. मी यादीच्या क्रमाने दुसरंच आधी केलं. तोंडी परीक्षेत सुट्टीबद्दल विचारलं तेव्हा तोंडातून 'हाबे ट्रांक' निघालं. समोरच्या बाई हसल्या नाहीत, नुसती नोंद केली. पास झालो.