पत्र्याखालचा सोलर इन्व्हर्टर आणि दुपारची घटलेली वीज

अकोल्यात आमच्या गच्चीवर ५४० वॅटची १० पॅनल आणि पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर बसवून घेतला. बसवणाऱ्यांनी इन्व्हर्टर जिन्यावरच्या खोलीत आतल्या भिंतीला लावला. पावसापासून सुरक्षित राहील, असं त्यांचं म्हणणं. त्या खोलीला वर टिनपत्रा आहे, खिडकी नाही आणि दार बहुतेक वेळ बंद असतं.

फेब्रुवारीत दुपारी साडेचार किलोवॅटच्या पुढे वीज मिळायची. एप्रिलच्या शेवटी ॲपमधला आलेख वेगळाच दिसू लागला. सकाळी नेहमीसारखा चढत जाऊन तो अकराच्या सुमारास ४ किलोवॅटवर जायचा, मग खाली यायचा आणि बारा ते तीन ३.१ च्या आसपास सपाट राहायचा. आकाशात ढग नाही, पॅनलवर सावली नाही.

बसवणाऱ्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, ‘काका, उन्हाळ्यात पॅनल तापतात, वीज कमी होणारच.’ हे अर्धं खरं आहे. पॅनलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. मे महिन्यात पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे सुमारे १५ टक्के गेले. तरीही धूळ आणि तारांमधली घट धरून चार-सव्वाचार किलोवॅट मिळायला हवेत, आणि पॅनल तापल्यानं होणारी घट अकरानंतर अशी एकदम सुरू होत नाही.

खोलीत थर्मामीटर टांगला तेव्हा दुपारी ५२ अंश भरले. बाहेर सावलीत ४३ होते. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की ४५ अंशांपर्यंत इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेनं चालतो, त्यापुढे आतले भाग जळू नयेत म्हणून स्वतःच वीज कमी करतो आणि ६० ला बंद पडतो. यालाच डीरेटिंग म्हणतात. त्यात भर म्हणजे इन्व्हर्टर स्वतःही उष्णता सोडतो. ४ किलोवॅटवर अडीच टक्के वाया गेले तरी १०० वॅट होतात, म्हणजे जुना शंभराचा पिवळा बल्ब बंद खोलीत दिवसभर जळावा तसं. वीज कमी केली की उष्णताही कमी निघते, म्हणून तो एका पातळीवर थांबतो आणि आलेख सपाट दिसतो.

दोष पॅनलचा की इन्व्हर्टरचा, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. मी भर दुपारी दार सताड उघडलं आणि स्टँडचा पंखा इन्व्हर्टरच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर सोडला. वीस मिनिटांत आकडा ३.१ वरून ३.७ वर गेला. पंख्यानं पॅनल थोडीच थंड होणार! तो आलेख पाठवल्यावर जागा बदलायला ते तयार झाले.

इन्व्हर्टरच्या लेबलवर आयपी ६५ होतं. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. म्हणजे बाहेर लावायला हरकत नाही. आयपी २० असता तर मात्र तो आतच ठेवावा लागला असता, कारण त्याला पाण्यापासून काहीच संरक्षण नसतं. पण हा अंक उन्हाबद्दल काही सांगत नाही. आयपी ६५ चा इन्व्हर्टर थेट उन्हात टांगला तर तो पत्र्याखालच्या खोलीइतकाच तापू शकतो.

आम्ही त्याच खोलीची बाहेरची उत्तरेकडची भिंत निवडली. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, ती नकोच. उत्तरेची भिंत कायम सावलीत असते असं मात्र नाही. अकोला २०.७ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर त्याआधीपासूनच त्या भिंतीवर येतं. म्हणून वर दोन फुटांचा छज्जा आणि पश्चिमेच्या बाजूला एक उभा आडोसा करून घेतला. आडोसा इन्व्हर्टरला चिकटवला नाही. पुस्तिकेप्रमाणे बाजूंना ३० सेंटीमीटर, वर-खाली ५० सेंटीमीटर मोकळं ठेवलं, कारण गरम हवा वर निघून जायला वाट लागते.

हलवण्याचं काम तंत्रज्ञानेच केलं. वॉरंटीसाठी ते गरजेचं होतं. त्यानं आधी घराकडचा एसी स्विच बंद केला, मग पॅनलकडचा डीसी स्विच, आणि आतले कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ थांबून मगच पॅनलच्या तारा काढल्या. वीज वाहत असताना हे जोड ओढले तर ठिणगीचा जाळ धरतो, तेव्हा घरच्यांनी त्यात हात घालू नये.

नव्या जागी ४३-४४ अंशांच्या दुपारीही आकडा चारच्या वर राहतो. रोज अडीच-तीन युनिट बुडत होते, ते मिळू लागले. आता उरलेली घट पॅनल तापण्याची आहे, तिला जागा बदलून उपाय नाही. ४५ च्या पुढे पारा गेला की इन्व्हर्टर सावलीतही थोडा मागे येतो.

आयपी ६५ टिकतं ते तारा आत शिरतात ती भोकं घट्ट बंद करणाऱ्या ग्लँडमुळे. ती सैल राहिली किंवा न वापरलेलं भोक उघडं राहिलं, तर लेबलला अर्थ राहत नाही. म्हणून पावसाळ्याआधी ती तपासून घेतो. तारा खालून आत जातात आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ दिला आहे, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून तिथेच गळतं. मागच्या पात्यांमधली धूळ कोरड्या ब्रशनं काढतो, पाण्याच्या पाइपनं नाही.