पाण्याचे वार

झीझी प्लांटला तीन आठवडे पाणी मिळालं नाही तरी तो हूं की चूं करत नाही. पीस लिलीचं पाणी एक दिवस लांबलं, की ती सगळी पानं खाली टाकून अशी काही पडते की पाहुण्यांना वाटावं, या घरात झाडांचा छळ होतो. पाणी घातलं की दोन-तीन तासांत पुन्हा ताठ. दोघं एकाच खिडकीत राहतात, दोघांना पाणी घालणारी मीच, आणि सकाळी सातची गडबड दोघांनाही माहीत नाही. तेव्हा लक्षात ठेवायचं काम मी फोनकडे सोपवलं.

फोनमधल्या यादीत चौघं जण आहेत. पीस लिली दर ३ दिवसांनी, मनी प्लांट ७, स्नेक प्लांट १४ आणि झीझी २१. गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता यादीबाहेर, कारण त्यांचं खातं आईकडे आणि आईला रिमाइंडर लागत नाही. हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि शाळेतला लसावि आठवला. चौघांची सुरुवात एकाच दिवशी केली, तर ४२ व्या दिवशी सगळे एकदम वाजणार. त्यावर उपाय सोपा आहे. मनी प्लांटचा सोमवार, स्नेक प्लांटचा मंगळवार, झीझीचा बुधवार. तिघांचे आकडे सातच्या पटीतले, त्यामुळे वार वेगळे पडले की जन्मात गाठ पडायची नाही. पीस लिली तेवढी तीनच्या पाढ्यातली. तीन आणि सातचं जमत नाही, म्हणून ती फिरत फिरत प्रत्येकाच्या वारी कधी ना कधी टपकतेच. तिचा स्वभावही तसाच आहे.

गणित सुंदर होतं. पण झाडं कॅलेंडर वाचत नाहीत, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा त्याला कुणीतरी पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट भेट दिला. भाऊ शिस्तीचा. दर रविवारी सकाळी नऊला रिमाइंडर, एक कप पाणी, टिक. मार्च ते मे हे उत्तम चाललं, कारण उन्हाळ्यात पुण्याची कोरडी हवा कुंडीतलं पाणी आठवड्याभरात ओढून घेत होती. मग पाऊस आला. हवा ओली, ऊन नाही, खिडक्या बंद. माती वाळेना, आणि रिमाइंडर काही थांबेना. जुलैच्या शेवटी पानं खालून पिवळी पडून कलंडायला लागली. झाड कोमेजलं म्हणजे तहानलं, असं समजून त्याने कप दीडपट केला.

यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिथे सतत पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात, मरतात, मग त्यांच्यावर बुरशी बसते. मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून चिखलात उभं असूनही झाड वरून तहानेनं मान टाकतं. फरक कळतो तो खाली. तहानलेल्या स्नेक प्लांटचं पान पातळ होतं, त्याला सुरकुत्या पडतात, पण ते टणक असतं. सडलेल्याचं पान बुडाशी मऊ, ओलसर, बोटाने दाबलं तर आत जातं. भावाच्या कुंडीजवळ बारीक काळी चिलटंही उडत होती. सतत ओल्या असलेल्या मातीवर ती हमखास येतात.

मी गेले तेव्हा आम्ही झाड उपसून काढलं. शोभेच्या पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत प्लास्टिकची कुंडी ठेवलेली, आणि बाहेरच्या कुंडीला भोकच नाही. तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. इथे तपकिरी, लिबलिबीत दोरे हाताला लागत होते, आणि नाल्याची आठवण यावी असा वास. सडका भाग कापून टाकला, दोन धड पानं निवडली, काप सुकेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत नुसती ठेवायला सांगितली आणि मग कोरड्या, रेती घातलेल्या मातीत खोचायला लावली. ती जगली. मात्र नवीन फुटवे आले ते साधे हिरवे. पिवळ्या काठाच्या जातीचं पानाच्या तुकड्यापासून रोप केलं की काठ जातो, मूळ कंदाची वाटणी केली तरच टिकतो. ज्यांनी भेट दिली होती त्यांना भाऊ अजून हे सांगत नाही.

या प्रकरणानंतर माझ्या फोनमधली एकच गोष्ट बदलली, पण ती महत्त्वाची. यादीत आधी ‘स्नेक प्लांटला पाणी’ असं लिहिलेलं होतं, ते काढून ‘स्नेक प्लांट बघ’ केलं. फोनने आठवण करायची ती कुंडीपाशी जाण्याची, पाणी घालायचं की नाही ते कुंडी ठरवणार. बघायचं म्हणजे नुसतं वरून नाही. आजकाल नर्सरीतून येणाऱ्या बहुतेक कुंड्यांत कोकोपीट असतं, आणि त्याची लबाडी अशी की वरचा थर वाळून फिकट दिसतो, तरी खाली ओल तशीच असते. म्हणून बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायचं, खोल कुंडीत कबाबची बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. काडीला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी सुट्टी. आमच्या कामाच्या मावशी यातलं काही करत नाहीत. त्या लादी पुसताना कुंडी उचलतात आणि सांगतात, “ताई, ही हलकी लागते.” पाणी घातल्या घातल्या कुंडीचं वजन हाताला एकदा कळलं की ही रीत सगळ्यांत वेगवान आहे, आणि मावशींचं अजून चुकलेलं नाही.

आता ‘बघितलं, पण घातलं नाही’ याचं काय करायचं? बहुतेक लोक इथे अडकतात. समजा स्नेक प्लांटची तारीख १ जुलै होती आणि पाणी घातलं. पुढची तारीख १५. त्या दिवशी काडी ओली निघाली, म्हणून थांबलो आणि शेवटी २३ ला पाणी घातलं. फोनचं साधं कॅलेंडर तारखांना बांधलेलं असतं. ते २९ ला वाजणारच, म्हणजे पाणी घालून जेमतेम सहा दिवस झालेले असताना. झाडाच्या हिशेबाने मात्र मोजणी २३ पासून सुरू झाली, पुढची वेळ ६ ऑगस्ट. म्हणून पुनरावृत्ती तारखेपासून मोजणारी नको, काम पूर्ण केल्यापासून मोजणारी हवी. कामांच्या याद्या ठेवणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये हा फरक करता येतो. टूडूइस्टमध्ये तर तो एका उद्गारचिन्हाचा आहे:

```
every 14 days
every! 14 days
```

पहिल्यात पाळी ठरलेल्या तारखांनुसार येते, दुसऱ्यात तुम्ही टिक केल्यापासून १४ दिवसांनी. आणि मग घरातल्या सगळ्यांसाठी एकच कायदा: टिक पाणी घातल्यावरच करायची. नुसतं बघून माती ओली निघाली तर टिक नाही, तीन दिवस पुढे ढकलायचं. यादी नवऱ्याच्या फोनवरही आहे, त्यामुळे दोघांनी आपापल्या प्रेमापोटी एकाच मनी प्लांटला एकाच दिवशी पाजण्याचा प्रकार थांबला.

ऋतूंचं मात्र यानेही भागत नाही. मेमध्ये ७ दिवसांचा मनी प्लांट जुलैत १२ दिवस मागतो, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आठवड्यावर येतो आणि थंडीत परत सुस्तावतो. तेव्हा मी वर्षातून चारदाच येणारा एक रिमाइंडर लावलाय, ‘अंतरं बदल’ एवढाच. होळीच्या सुमारास, मृग लागताना, नवरात्र संपल्यावर आणि दिवाळीनंतर गारवा पडला की. सणांच्या तारखा दरवर्षी हाताने बदलाव्या लागतात, मृग तेवढा सात-आठ जूनला ठरलेला.

आईला हे सगळं थोतांड वाटतं. तिची तुळस रोजच्या रोज पाणी पिते, आंघोळ झाली की, बारा महिने. पावसात रोजच्या पाण्याने कितीतरी तुळशी जातात, मग हिची कशी टिकते, म्हणून मी एकदा नीट उभं राहून पाहिलं. उन्हाळ्यात ती तांब्या पालथा करते, कुंडीखालच्या ताटलीत पाणी उतरेपर्यंत. आषाढापासून त्याच वेळी, तेवढ्याच भक्तीने, पळीभर. माती आधीच ओली, त्यात पळीभर पाण्याने काही बिघडत नाही, आणि नेमही मोडत नाही. मी अंतर बदलते, ती माप बदलते. उन्हाळ्यात मात्र पळीचा नेम चालायचा नाही. रोज थोडं थोडं पाणी वरचाच थर भिजवतं आणि खालची मुळं कोरडी राहतात.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांकडे लॅब्रेडॉर आहे. गोचिडांचं औषध महिन्याला, जंताची गोळी तीन महिन्यांनी, रेबीजची लस वर्षाला. काका म्हणतात, “तुमच्यापेक्षा माझं सोपं. बोट घालून बघावं लागत नाही.” खरंच आहे. औषधाचा अंमल दिवसांवर संपतो, पाऊस असो वा ऊन. तिथे ‘बघ’ लिहिण्यात अर्थ नाही, ‘दे’च लिहावं लागतं. तरी मोजायचं पत्रिकेतल्या तारखेपासून नाही, प्रत्यक्ष ज्या दिवशी दिलं तिथपासून, हे त्यांनीही मान्य केलं.

मेमध्ये आम्ही कोकणात जातो तेव्हा किल्ली या काकांकडेच असते. कुत्र्याच्या सवयीने ते शिस्तीत येऊन सगळ्यांना पाणी पाजतील याची मला धास्ती. म्हणून त्यांना आमची यादी फोनवर देत नाही, कुंड्यांवर कागद चिकटवते. पीस लिली: मान टाकली की दोन पेले. मनी प्लांट: बोट घालून बघा, कोरडं असेल तर एक पेला. स्नेक प्लांट: राहू दे. झीझीच्या कागदावर फक्त ‘नको’ लिहिलेलं असतं, खाली दोन रेघा मारून. त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद आहेत, त्यांत त्याने आपलं पाणी आधीच साठवून ठेवलंय.