नव्या टीव्हीची दातखीळ

कम्प्लेंट होती, 'नवीन टीव्हीचा स्पीकर गेला.' सहकारनगरमधलं घर, काका निवृत्त इंजिनियर. टीव्ही घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, पंचावन्न इंची. मी सेट-टॉप बॉक्सवर बातम्या लावल्या, आवाज खणखणीत. मग काकांनी पेनड्राइव्ह लावला. एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची रेकॉर्डिंग होती. चित्र इतकं सुरेख की व्हायोलिनच्या तारा मोजता याव्यात, पण आवाज शून्य. खाली कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आली, हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही अशा अर्थाची, आणि दोन सेकंदांत गेली. माझं लक्ष तेव्हा मेन्यूतल्या साउंड सेटिंगकडे होतं. ती ओळ तेव्हाच नीट वाचली असती तर पुढची पाऊण तासाची उठाठेव वाचली असती.

काकांचा मुद्दा बिनतोड होता. "आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर हीच फाइल वाजते. आणि याची मूळ ब्ल्यू-रे डिस्क माझ्याकडे आहे, ती प्लेयरमधून याच नव्या टीव्हीवर लावली की आवाज येतो. मग फाइल बरी, टीव्ही बरा, बिघाड कुणात?"

मी केबल बदलली, टीव्ही फॅक्टरी रीसेट केला (काकूंनी मोठ्या कष्टाने लावलेली चॅनेलची फेव्हरिट यादी त्यात गेली, त्याबद्दल मिळायचं ते ऐकून घेतलं) आणि मागचं कव्हर उघडणार एवढ्यात पेनड्राइव्हमधली दुसरी फाइल लावून बघायची बुद्धी झाली. नातीच्या बारशाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. त्याला आवाज! म्हणजे पेनड्राइव्ह नाही, स्पीकर नाही. मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि लॅपटॉप काढला.

मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, फाइल त्यात टाकली की आत काय भरलंय ते दाखवतो. बारशाच्या फाइलमध्ये ऑडिओसमोर `AAC` होतं. कार्यक्रमाच्या फाइलमध्ये `DTS-HD Master Audio`. हाच सगळा घोळ. फाइलच्या नावाशेवटचं `.mkv` म्हणजे नुसता डबा. त्यात चित्र एका पद्धतीने आवळून भरतात, आवाज दुसऱ्या. टीव्हीला चित्राची भाषा येत होती, आवाजाची नव्हती, म्हणून त्याने चित्र दाखवलं आणि आवाजाला दातखीळ बसली. डीटीएस ही आवाज आवळायची एक पद्धत; ते उलगडायचं तर टीव्ही कंपनीला त्याचं लायसन घ्यावं लागतं, आणि काही कंपन्यांनी बऱ्याच नव्या मॉडेलांत ते सोडून दिलंय. काकांच्या जुन्या टीव्हीत ते होतं. डिस्क का वाजायची? कारण तिथे डीटीएस प्लेयर स्वतःच उलगडायचा आणि एचडीएमआयमधून टीव्हीला साधा, सोललेला आवाज द्यायचा. टीव्हीला काही समजायची वेळच येत नव्हती.

"पण खोक्यावर डॉल्बी लिहिलंय," काका म्हणाले. काकू आतून ओरडल्या, "ती मिरवणुकीतली डॉल्बी घरात आणलीत?" ती स्पीकरची भिंत वेगळी काकू! डॉल्बी आणि डीटीएस या दोन वेगळ्या कंपन्यांच्या पद्धती आहेत, एकीचा शिक्का दुसरीला चालत नाही. शिवाय डॉल्बीतही सगळं येतंच असं नाही. काकांच्या आणखी एका फाइलमध्ये डॉल्बी ट्रूएचडी होतं, तेही मुकं. टीव्हीवरच्या डॉल्बीच्या शिक्क्याचा अर्थ बहुतेक वेळा साधं डॉल्बी डिजिटल आणि डिजिटल प्लस, एवढाच. ब्ल्यू-रेवर ट्रूएचडीसोबत साध्या डॉल्बीचा आवाजही दिलेला असतो, पण काकांनी फाइल बनवताना 'एकच उत्तम ट्रॅक' ठेवून त्याची टिक काढली होती. ती ठेवली असती तर रिमोटवर ऑडिओ ट्रॅक बदलला की भागलं असतं.

उपाय सोपा: चित्राला हात लावायचा नाही, फक्त आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये बदलायचा. लॅपटॉपवर ffmpeg नावाच्या फुकट प्रोग्रॅमला ही कमांड दिली:

```
ffmpeg -i concert.mkv -map 0 -c copy -c:a ac3 -b:a 640k concert_tv.mkv
```

`-c copy` मुळे चित्र आणि सबटायटल जसेच्या तसे उतरतात, म्हणून काही मिनिटांत काम होतं. सबंध व्हिडिओ नव्याने बनवणारं कन्व्हर्टर वापरलं तर तासन्‌तास जातात आणि चित्रही खराब होतं. `640k` ही डॉल्बी डिजिटलची कमाल मर्यादा. मूळ डीटीएस-एचडीत आवाजाचा एक कणही गाळलेला नसतो, यात थोडा गळतो, म्हणून मूळ फाइल पुसायची नाही असं मी दोनदा बजावलं.

नवी फाइल लावली. काकांनी डोळे मिटून एक तुकडा ऐकला, मग तोच डिस्कवर, मग पुन्हा फाइलवर. "झांजा किंचित बोथट वाटतात," म्हणाले. मला तरी टीव्हीच्या त्या चपट्या स्पीकरवर काही फरक कळला नाही. त्यांच्याकडे अशा एकतीस डिस्क होत्या. कमांड एका कागदावर लिहून दिली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि काकूंची चॅनेलची यादी लावायला बसलो. खरा वेळ त्यातच गेला.