दहा बाय साडेआठची खोली आणि दहा शॉट : ‘किल्ली’ची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत ‘किल्ली’ या फोनवर शूट करायच्या लघुपटाची कथा पक्की झाल्याचं लिहिलं होतं. एक बाई, एक खोली, बाबांच्या जुन्या ट्रंकेची हरवलेली किल्ली. दुपारी शोध सुरू होतो, रात्री किल्ली सापडते, ट्रंक उघडते आणि आत काय आहे ते आपण दाखवत नाही. तीन मिनिटं, संवाद नाही. अभिनय मीच करणार आणि कॅमेराही मीच लावणार, त्यामुळे शूटच्या वेळी फोनच्या मागे कुणी नसेल. हे दोन आठवडे फक्त शॉट ठरवण्यात गेले.

खोली आमच्या ऐरोलीच्या घरातली आतली. लांबी दहा फूट, रुंदी साडेआठ. दारातून आत आलं की समोर पश्चिमेची खिडकी, उजव्या भिंतीला दिवाण, डावीकडे दाराजवळ आरशाचं लोखंडी कपाट, त्याच्या पुढे खिडकीपाशी टेबल आणि दारावर माळा. दिवाण आणि कपाट यांच्या मधे जेमतेम चार फूट जागा उरते.

पहिला प्रयत्न सरळ होता. ट्रायपॉड खोलीत दहा ठिकाणी ठेवला आणि दहा फोटो काढले. मी स्वतः फ्रेममध्ये असणार, म्हणून माझ्या जागी स्टँडचा पंखा उभा केला आणि त्याला माझा निळा कुर्ता घातला. पंख्याचं डोकं बरोबर माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर येतं, त्यामुळे फोकस कुठे धरायचा आणि डोक्यावर किती जागा सोडायची हे दोन्ही त्यावर ठरवता येतं. आईने दारातून पाहिलं आणि विचारलं, “अगं, पंख्याला कुर्ता का घातलास? वारा कसा लागायचा?” मी सांगितलं, “आजचा दिवस तो पंखा मी आहे.” ती म्हणाली, “मग केस तरी विंचर,” आणि कपाटातून एक काळी ओढणी काढून पंख्यावर टाकली. ते फार उपयोगी पडलं. काळे केस मागच्या गडद पडद्यात मिसळून जातात हे त्या ओढणीमुळेच दिसलं, नुसत्या पंख्यावर कळलं नसतं.

रात्री ते दहा फोटो गॅलरीत टपाल तिकिटाएवढे करून शेजारी शेजारी ठेवले आणि रंग काढून टाकला. ही चाचणी मी आता प्रत्येक वेळी करणार आहे. मोठ्या पडद्यावर दोन फ्रेम वेगळ्या वाटतात, कारण आपण त्यातल्या वस्तू वाचत बसतो. तिकिटाएवढ्या कृष्णधवल चित्रात वस्तू वाचता येत नाहीत, फक्त उजेड-अंधाराचे आकार उरतात. सारखे दिसणारे फोटो एकत्र ठेवत गेले तर दहाचे चारच गठ्ठे झाले. एका गठ्ठ्यात पाच फोटो होते आणि पाचांतही तेच : मधे माणूस, एका बाजूला कपाटाचा उभा काळा पट्टा, दुसरीकडे दिवाणाचा आडवा पांढरा. कॅमेरा मी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेला होता, पण चित्र जागचं हललं नव्हतं.

कारण शोधायला आलेखाच्या कागदावर खोली काढली, एक फूट म्हणजे दोन सेंटीमीटर. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरच्या तोडीची आहे. अशा लेन्समध्ये जेवढं अंतर, त्याच्या दीडपट रुंदी फ्रेममध्ये येते. खिडकीपाशी फोन ठेवला तर दार नऊ फुटांवर राहतं, म्हणजे दाराच्या पातळीला साडेतेरा फूट रुंदी दिसायला हवी. खोलीच साडेआठ फुटांची. म्हणून दोन्ही भिंती, कपाट, दिवाण, माळा, सगळं प्रत्येक फ्रेममध्ये घुसत होतं. लहान खोलीसाठी सगळे जण आणखी रुंद लेन्स सुचवतात. खोली मोठी भासवायची असेल तर ते बरोबर आहे. पण वेगवेगळे शॉट हवे असतील तर उलट करावं लागतं : एका वेळी खोलीचा एकच तुकडा दाखवायचा. दोनपट झूमवर रुंदी अंतराच्या पाऊणपट होते. त्याच खिडकीपासून आठ फुटांवर उभी राहिले की सहा फूट रुंदीची फ्रेम मिळते. त्यात मी कमरेपासून वर, मागे फक्त दार, आणि कपाटाचा पत्ताही नाही.

मग एक नियम केला. प्रत्येक शॉटसाठी चार गोष्टी लिहायच्या : मागे काय आहे, चेहरा केवढा आहे, कॅमेरा किती उंचीवर आहे, उजेड कुठून येतो. लागोपाठच्या दोन शॉटमध्ये या चारांपैकी निदान दोन बदलल्या पाहिजेत. नुसती एक बदलली, तर दोन शॉट जोडल्यावर धक्का बसतो किंवा काहीच झालं नाही असं वाटतं. कॅमेरा माणसाभोवती निदान तीस अंश फिरवावा हा जुना नियम माहीत आहेच. आमच्या चार फुटांच्या बोळात तीस अंश फिरवूनही मागे तीच भिंत राहते, म्हणून मला तो एकटा पुरला नाही.

उजेडाचं उत्तर कथेतच होतं. दुपार ते रात्र म्हणजे चार वेगळे उजेड फुकट मिळतात : दिवाणावरच्या भिंतीवर पडणारं तिरपं ऊन, संध्याकाळची निळसर खिडकी, ट्यूबलाइट आणि वीज गेल्यावरचा टॉर्च. हे ऊन समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून येतं. चार दिवस घड्याळ लावून पाहिलं. सव्वाचार ते पाच, एवढाच वेळ ते भिंतीवर असतं, आणि त्या पाऊण तासात दाराच्या दिशेने सरकत जातं. म्हणून उन्हाचे दोनच शॉट ठेवले, आणि त्यातला बटणांच्या डब्यात चाचपणाऱ्या हाताचा आधी. त्याची फ्रेम वीतभर आहे, ऊन सरकलं तर डबा सरकवता येतो.

संपूर्ण खोली एकदाच दिसणार आहे, माळ्यावरून खाली पाहताना, आणि तीही सहाव्या शॉटला. सुरुवातीला ठेवली असती तर पुढचे सगळे तुकडे प्रेक्षकाने आधीच पाहिलेले असते. तोपर्यंत हात, मान, आरसा, खिडकीतली आकृती एवढंच पाहिलेलं असेल. मग अचानक कळेल की हे सगळं एवढ्याशा जागेत चाललं होतं, आणि तिने ती सगळी उपसून ठेवली आहे.

सर्वात जास्त वेळ आरशाने घेतला, पण मिळालंही त्यातच सर्वात जास्त. बोळात कॅमेरा आणि मी समोरासमोर राहिलो तर मधे अडीच फूट उरतात. दोनपट झूमवर एवढ्यात नाक मोठं आणि कान गायब. आरशात मात्र अंतरांची बेरीज होते. फोन आरशापासून अडीच फूट, मी तीन फूट, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने मी साडेपाच फुटांवर. मागची भिंत त्याहूनही लांब गेली आणि खोलीत नसलेली खोली तयार झाली. फोकससुद्धा साडेपाच फुटांवर धरायचा, काचेवर नाही. काचेवर धरला तर बोटांचे डाग लख्ख आणि चेहरा पुसट. फोन दिसू नये म्हणून तो माझ्या खिडकीकडच्या बाजूला तिरका ठेवला, त्यामुळे आरशात माझ्या मागे दाराकडचा अंधारा कोपरा येतो.

कपाटाच्या आतून घेतलेला शॉट तिकिटांच्या चाचणीत लगेच वेगळा निघाला : संपूर्ण काळं, मग मधे उजेडाची उभी फट, मग चेहरा. मात्र फोनला मोकळं सोडलं तर तो बंद कपाटात उजेड वाढवत बसतो आणि दार उघडताच सगळं पांढरं होतं. दार उघडं ठेवून, पंखा समोर उभा करून एक्स्पोजर आणि फोकस कुलूपबंद करायचे, मगच दार लावायचं.

दिवाणाखालून घेतलेला शॉट असाच. फोन जमिनीवर, आधी फक्त पावलं, मग गुडघे टेकतात आणि टॉर्चसकट चेहरा खाली येतो. टॉर्च थेट लेन्समध्ये आला की चित्र फिकट पडतं, म्हणून मनगट थोडं आत वळवायची सवय करते आहे.

ट्यूबलाइटमध्ये एक गोष्ट बिघडली होती. पहिल्या चाचणीत भिंतीवर आडवे पट्टे सरकताना दिसले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि फोन सेकंदाला ३० फ्रेमवर, स्वतःच्या मर्जीच्या शटरने चालला होता. २५ फ्रेम आणि १/५० शटर हाताने लावल्यावर पट्टे गेले. उन्हाच्या शॉटला मात्र १/५० चालत नाही. फोनच्या लेन्सचं छिद्र बारीक करता येत नाही, त्यामुळे चित्र जळतं. तिथे शटरचा वेग वाढवला. उन्हाला लुकलुक नाही, त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्नच येत नाही.

शेवटचा, किल्ली कुलपात फिरण्याचा शॉट जवळ जाऊन घेता येत नाही. मुख्य लेन्स वीतभर अंतराच्या आत फोकस धरत नाही. दीड फुटावरून दोनपट झूम केला, कुलूप फ्रेमभर नाही पण ठसठशीत येतं.

नव्या दहांचे काल परत गठ्ठे केले. नऊ झाले. मच्छरदाणीतून घेतलेला आठवा शॉट आणि भिंतीवरच्या सावलीचा नववा एकाच गठ्ठ्यात पडले, दोन्हीत करड्या पार्श्वभूमीवर मधोमध गडद आकृती. मच्छरदाणीचा मला सोडवत नाही. फोन जाळीला टेकवला तर जाळी नाहीशी होते, दोन फूट मागे घेतला तर तिचे चौकोन चेहऱ्यावर स्पष्ट येतात, आणि मला ते चौकोन हवे आहेत. म्हणून बदल सावलीत करते आहे. टेबललॅम्प जमिनीवर ठेवून आकृती भिंतीच्या डाव्या कडेला ढकलायची, इतकी मोठी की डोकं छताला लागून वाकेल. लॅम्प माझ्या जवळ आणला की सावली वाढते, पण तिची कड मऊ होते. लॅम्पची पसरट शेड काढून उघडा, लहान बल्ब लावला तर कड धारदार राहील असा अंदाज आहे. आज रात्री पंख्याला कुर्ता घालून ते पाहते. शनिवारी दुपारी चारला बटणांचा डबा, फोन चार्ज आणि खिडकीचा पडदा बाजूला.