रद्द मालिकेतली एक बैठक उरली

आमच्या कॅलेंडरमध्ये महिनाअखेरचा एक जुना बग होता. ३१ जानेवारी २०२५ पासून दरमहा बैठक लावली की फेब्रुवारीत ती २८ ला यायची, आणि पुढे मार्च-एप्रिलमध्येही २८ लाच. मागच्या तारखेत एक महिना मिळवून कोड पुढची तारीख काढत होता, त्यामुळे एकदा २८ वर आलेली बैठक परत ३१ वर जातच नव्हती. आम्हाला हवा होता महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे `BYMONTHDAY=-1`. (`BYMONTHDAY=31` लिहिलं तर आरएफसी ५५४५ या कॅलेंडरच्या मानकाप्रमाणे ३१ तारीख नसलेले महिने सरळ वगळले जातात.) दुरुस्ती झाली, नव्या मालिका बिनचूक येऊ लागल्या.

पण असल्या दुरुस्तीनंतर मी जुना डेटा तपासल्याशिवाय होकार देत नाही. जुन्या बिल्डवर केलेल्या एका मालिकेत एप्रिलची बैठक २ मे ला हलवलेली होती. नव्या बिल्डवर ती उघडली तर ३० एप्रिललाही बैठक आणि २ मे लाही.

डेटाबेसमधली ती नोंद अशी होती:

```
RECURRENCE-ID:20250428T110000
DTSTART:20250502T110000
```

`RECURRENCE-ID` म्हणजे हलवण्याआधीची मूळ तारीख. बदललेली बैठक मालिकेतल्या कोणत्या बैठकीच्या जागी बसते, ते त्यावरूनच कळतं. नव्या हिशोबात २८ एप्रिलला बैठकच नाही. म्हणून ३० ची बैठक झाकली गेली नाही आणि २ मे ची मालिकेपासून वेगळी पडली.

मग मी अख्खी मालिका रद्द केली. स्क्रीनवरून सगळ्या बैठका गेल्या, २ मे ची तेवढी राहिली. सर्व्हरचं घड्याळ पुढे नेलं, तर सगळ्यांना आठवणही गेली! रद्द करणारा कोड नियमातून तारखा काढून एकेकीची बदललेली नोंद शोधत होता. २८ एप्रिल त्या यादीत येणारच नव्हती.

डेव्हलपर मित्र म्हणाला, "अगं, हा एकच जुना रेकॉर्ड आहे, हाताने काढून टाकू." मला ते पटलं नाही. महिनाअखेरची बैठक हलवलेल्या प्रत्येकाकडे हेच होणार होतं. शेवटी दोन बदल ठरले. रद्द करताना मालिकेच्या `UID` या ओळखखुणेवरून सगळ्या नोंदी उचलायच्या, तारखा जुळवत बसायचं नाही. आणि जुन्या नोंदींना क्रमाने नवी मूळ तारीख द्यायची: जुन्या हिशोबातली चौथी बैठक ती नव्या हिशोबातली चौथी, म्हणजे २८ एप्रिलची ३० एप्रिल. ज्या मालिकांचा नियम मधेच बदलला होता तिथे हा क्रम भरवशाचा नाही. त्या वेगळ्या काढून एकेक तपासल्या.

`RECURRENCE-ID` मध्ये वेळही असते हे लक्षात घेऊन मी लगेच एका मालिकेची वेळ सकाळी ११ वरून दुपारी ४ केली. आधी हलवलेली बैठक तिथेही दोनदा दिसली, आणि त्याच संध्याकाळी दुसरा बग नोंदवला.